एक्सफॅट निवडलं, पण अर्धंच समजून

बाहेरची हार्ड डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालवायची असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी, हे उत्तर बरोबर आहे. माझं नुकसान झालं, कारण तेवढं कळलं की पुरे असं मी धरून चालले.

काम दिवाळी अंकाचं होतं. माझ्याकडे विंडोज, मांडणी करणाऱ्या ताईंकडे मॅक. माझी डिस्क एनटीएफएसमध्ये होती. ती त्यांच्या मॅकला लावली की फायली दिसायच्या, उघडायच्याही. पण दुरुस्त केलेलं पान परत डिस्कवर ठेवता यायचं नाही. मॅक एनटीएफएस वाचतो, मात्र वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यावर लिहीत नाही. म्हणून मी सगळा मजकूर लॅपटॉपवर उतरवला, डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, फायली तिच्यावर परत टाकल्या आणि जागा मोकळी व्हावी म्हणून लॅपटॉपवरच्या पुसून टाकल्या. ने-आण करायची डिस्क अशी अंकाची एकमेव प्रत होऊन बसली. पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ इथेच आहे.

एनटीएफएस बदल करण्याआधी त्याची नोंद एका लॉगमध्ये ठेवतं. मध्येच केबल निघाली तर पुढच्या वेळी ती नोंद पाहून डिस्कची रचना सावरता येते. चालू फाईलमधला मजकूर वाचेलच असं नाही, पण फोल्डर जागेवर राहतात. एक्सफॅटमध्ये असा लॉग नसतो. कुठली जागा भरलेली आहे याचा तक्ता आणि फोल्डरमधली फाईलची नोंद या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या जातात. एक लिहून झाली आणि दुसरी राहिली, तर दोघींचा मेळ बसत नाही. एक्सफॅट साधं आहे आणि म्हणूनच कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत चालतं; पण त्या साधेपणाची किंमत ही आहे.

अंक छापायला जायच्या आधी ताईंकडे शेवटची पानं कॉपी केली. पट्टी पूर्ण भरलेली दिसली आणि मी केबल ओढली. "अगं, आधी इजेक्ट तरी कर!" त्या म्हणाल्या, तोवर मॅकच्या पडद्यावर "Disk Not Ejected Properly" आलंही होतं. पट्टी भरली तरी मॅकचं लिहिणं मागे चालू असू शकतं. घरी विंडोजने डिस्क लावताच तपासणी करायची का, असं विचारलं. मी ती खिडकी बंद केली आणि त्याच डिस्कवर काम करत राहिले. मेळ बिघडलेल्या रचनेवर नवीन फायली लिहीत गेले, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

पुढच्या खेपेला ताईंच्या मॅकवर डिस्क दिसेचना. डिस्क युटिलिटीमध्ये तिचं नाव करड्या अक्षरात, आणि 'माउंट' दाबून काही होईना. डिस्क गेली असं समजून मी ती पुन्हा ओढून काढली. खरं तर मॅक तेव्हा ती तपासत असावा. अर्धवट निघालेली एक्सफॅट डिस्क लावली की तो आधी पूर्ण तपासणी करतो, आणि डिस्क मोठी असेल तर त्याला बराच वेळ लागतो. टर्मिनलमध्ये एवढं टाकलं असतं तरी कळलं असतं:

```
ps aux | grep fsck
```

उत्तरात `fsck_exfat` ची ओळ दिसली, की तपासणी चालू आहे. केबलला हात लावायचा नाही. `grep` ची स्वतःची ओळही तिथे दिसते, ती सोडून द्यायची.

घरी आल्यावर विंडोजने "The file or directory is corrupted and unreadable" असं सांगितलं. मी लगेच `chkdsk E: /f` चालवलं. हीदेखील घाईच. ही आज्ञा रचना जुळवण्यासाठी डिस्कवरच बदल करते. एकमेव प्रत असेल तर आधी वाचता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायला हवं, किंवा अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यायला हवी. डिस्क उघडली, पण बरीच पानं फोल्डरमधून गेलेली. `FOUND.000` नावाच्या फोल्डरमध्ये `FILE0000.CHK` अशा निनावी फायली होत्या. एकेकीचं एक्स्टेन्शन बदलून उघडत बसले. काही पानं पूर्ण मिळाली, काही अर्धी. उरलेली ताईंनी जुन्या पीडीएफवरून पुन्हा लावली.

आता माझ्या दोन डिस्क आहेत. मूळ प्रत एनटीएफएसच्या डिस्कवर असते आणि ती फक्त माझ्या विंडोजलाच लागते. ताईंकडे जाते ती एक्सफॅटची; तिच्यावर असं काहीच नसतं जे दुसरीकडे नाही. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी एक्सफॅट खुशाल निवडावं; फक्त प्रत्येक वेळी इजेक्ट करावं, आणि मॅकवर डिस्क दिसली नाही तर ती काढण्याआधी तपासणी चालू आहे का ते पाहावं.