नवा गेम पहिल्यांदाच का अडखळतो?

मुलाने बक्षिसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून एक गेम घेतला. आमचा घरचा कॉम्प्युटर जुना, चार कोअरचा. पहिल्याच संध्याकाळी तक्रार आली, "बाबा, मशाल पेटली की गेम अडकतो. नवीन शत्रू आला की अडकतो." दुकानदाराचा सल्ला तयारच होता : ग्राफिक्स कार्ड बदला. मीही जवळजवळ हो म्हणालो होतो!

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कालच्या ठिकाणी आज अडकत नाही." इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. कार्डच कमी पडत असेल, तर त्याच जागी आज सुरळीत कसं चालेल?

मग शोधाशोध केली. मशालीचा उजेड, पाण्याची चमक, धूर यांचा रंग पडद्यावरच्या ठिपक्याठिपक्याला ठरवून देणारे छोटे प्रोग्राम असतात, ते शेडर. प्रत्येकाचं ग्राफिक्स कार्ड वेगळं, म्हणून कॉम्प्युटरच्या गेममध्ये ते अर्धवट तयार स्वरूपात येतात. आपल्या कार्डाच्या भाषेत त्यांचं रूपांतर, म्हणजे कंपाइल, कार्डाचा ड्रायव्हर करतो. पण ती मेहनत प्रोसेसरची. (गेम कन्सोलमध्ये हार्डवेअर ठरलेलं असतं, त्यामुळे तिथे शेडर आधीच तयार करून देता येतात.)

आता हिशोब बघा. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. मशालीचा शेडर तयार व्हायला समजा २०० मिलिसेकंद लागले आणि गेम त्याच्यासाठी थांबला, तर बारा चित्रांचा वेळ गेला. पंगत बसल्यावर पोळ्या लाटायला घेतल्यासारखं! एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर साठवला जातो, म्हणून दुसऱ्यांदा अडत नाही.

आमची चूक वेगळीच निघाली. गेम सुरू होताना "Compiling Shaders" असं येत होतं, आणि चिरंजीव ते पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला बसत. मग चार कोअरमध्ये गेम आणि मागे चाललेलं कंपाइल यांची ओढाताण. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा प्रोसेसर शंभर टक्क्यांजवळ आणि कार्ड मात्र निवांत दिसायचं.

तुमच्याकडे हीच तक्रार असेल तर तोच प्रसंग पुन्हा खेळून बघायला सांगा. दर वेळी तिथेच अडकत असेल, तर कारण दुसरं. रॅम, डिस्क तपासा. आणि डिस्क साफ करताना "DirectX Shader Cache" वर टिक करू नका, नाहीतर बरंच काम पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या महिन्यात ड्रायव्हर अपडेट केला आणि शेडर पुन्हा तयार होऊ लागले. या वेळी चिरंजीव ते लावून जेवायला येऊन बसले. कार्ड अजून जुनंच आहे.