वहिनीची कौदी आणि चिठ्ठीतल्या चार ओळी

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, कन्नडमध्ये कौदी म्हणा. कुंभारवाड्याच्या आमच्या घरात तिन्ही शब्द चालतात. भाचीच्या बाळासाठी वहिनीने दिवाळीनंतर एक कौदी घेतली, ती बारशाच्या आदल्या रात्री पुरी झाली. तीन फूट बाय चार फूट, म्हणजे काही फार मोठी नव्हे. पण सगळी हाताची शिलाई, आणि पद्धत सिद्दी बायकांची. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात त्यांच्या कौद्या प्रसिद्ध आहेत.

या पद्धतीत सुरुवात मधून होत नाही, कडेने होते. जुनी धुतलेली सुती साडी जमिनीवर अंथरायची, कोपऱ्यापासून एकेक तुकडा कडा आत दुमडून ठेवायचा आणि धावदोरा घालत फिरत फिरत मध्याकडे यायचे. दोऱ्याच्या ओळीत बोटभर अंतर. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी फूल हवेच. फुलाशिवाय कौदी उघडी समजतात.

यातली खरी परीक्षा शेवटी असते. टाका कापडाला थोडे थोडे ओढतो, आणि उरलेला सैलपणा पुढे सरकत मध्यभागी जमतो. दर दोन ओळींनंतर कौदी सपाट पसरून तळहात फिरवला, की झोळ लगेच हाताला लागतो. तेव्हाच चार टाके उसवले तर तो निघतो; मध्यापर्यंत पोचल्यावर निघत नाही. वहिनीने हात फिरवला तो थेट शेवटी! मध्ये छान टेकडी झाली होती.

शिवाय एक तांबडा तुकडा कोरा होता. जुन्या साड्या धुऊन धुऊन आटलेल्या असतात, कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि रंगही सोडते. कौदी धुतली तशी त्याच्याभोवती सुरकुत्या पडल्या आणि शेजारचा पांढरा चौकोन गुलाबी झाला. एक फूलही उलटे, टोक आत करून बसलेले. शेजारच्या मावशींनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "परवागिल्ल, ऊब लागेल ना?"

वहिनी काही ओशाळली नाही. उलट कौदीचा फोटो काढून पाठवला आणि सोबत ठेवायच्या चिठ्ठीवर स्वतःच लिहिले:

"पाच महिने, सात साड्या, मोडलेल्या सुया तीन. मधली टेकडी मुद्दाम ठेवली आहे, बाळाला आजोळच्या डोंगराची सवय व्हावी म्हणून. गुलाबी चौकोन फुकट मिळाला आहे. उलटे फूल कोणते ते ओळखणाऱ्याला पुढची कौदी शिवावी लागेल."

भाचीला ते फूल पहिल्याच नजरेत दिसले होते. अजून तिने कोणाला सांगितलेले नाही.