मनगटावरचा साक्षीदार

नाशिककराच्या घरात द्राक्ष पूर्वी दोनच रूपांनी येई: घडाच्या, नाहीतर बेदाण्याच्या. २००० साली गंगापूर धरणाजवळच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली आणि हळूहळू त्याला तिसरे रूप मिळाले. आरंभी ते पाहुण्यांपुरते होते. हल्ली ते कित्येक घरांत जेवणाच्या टेबलाशी स्थिरावले आहे. पाठोपाठ त्याच टेबलाशी आणखी एक नवे पाहुणे आले, ते म्हणजे मनगटावरचे हुशार घड्याळ. रात्री किती प्यालात ते विचारायचे आणि सकाळी झोप कशी झाली ते सांगायचे, असा त्याचा धंदा.

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रात्री नऊच्या सुमारास वाइनचे दोन प्याले, अकराला अंथरूण, हा त्यांचा नेम. त्यावाचून झोप लागत नाही, हे त्यांचे म्हणणे. आक्काचे म्हणणे उलट. “लागते रे लगेच, पण तीन वाजले की डोळे उघडे. छताकडे बघत पडून राहतात पहाटेपर्यंत. दिवसा खुर्चीत पेंगतात ते कशामुळे?” यावर दाजी मनगट पुढे करीत. घड्याळाने सात तास दहा मिनिटे झोप आणि शंभरापैकी ८१ गुण दिलेले असत. “आता यंत्रावरसुद्धा विश्वास नाही का तुझा?” असे ते म्हणत आणि आक्का गप्प बसे.

मला मात्र या वादात रस वाटू लागला. दाजींची प्रकृती हा त्यातला खरा प्रश्न होता, आणि त्यांना प्रमाणपत्र देणारे ते यंत्र पाहते तरी काय, हे कोणीच विचारीत नव्हते.

झोपेची खरी तपासणी इस्पितळात होते. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा लावून मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल व स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवतात. घड्याळाला यातले काही दिसत नाही. त्याला दोन गोष्टी कळतात. हात हलला की नाही, ही एक. दुसरी नाडी, हिरवा प्रकाश कातडीवर पाडून, रक्त पुढे सरकताना तो किती परततो यावरून ठोके मोजतात. बाकी सारा अंदाज. म्हणून निश्चल पडलेला माणूस त्याला झोपलेला वाटतो. अशा घड्याळांची इस्पितळातल्या तपासणीशी तुलना केली, तर झोपेचे क्षण ती बहुधा बरोबर ओळखतात. जागेपणाचे क्षण मात्र पुष्कळदा झोपेतच जमा करतात. छताकडे बघत पडलेले आमचे दाजी त्याच्या लेखी घोरत होते! आक्काची साक्ष घड्याळापेक्षा भक्कम होती.

गाढ झोप इतकी, स्वप्नांची झोप इतकी, असे जे रंगीत पट्टे ॲप दाखवते, त्यांचेही तसेच. दारूने रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप वाढते, स्वप्नांची झोप मागे ढकलली जाते आणि उत्तरार्ध तुटक होतो. पण दारूने नाडीही वाढते, आणि पट्टे ठरवताना यंत्र तर नाडीवरच विसंबून असते. ज्या मापाने मोजायचे तेच माप दारूने वाकवलेले! तेव्हा त्या पट्ट्यांकडे फार पाहू नये, हे बरे.

मग तीनच वाजता जाग का यावी? ॲपमध्ये दाजी रोज ‘दोन प्याले’ अशी नोंद करीत. घड्याळाला दारूचा वास येत नाही. आपण बोटाने लिहू तेच त्याचे ज्ञान. ॲपचा प्याला १५० मिलिलिटरचा. आक्काने एक दिवस स्वयंपाकघरातले माप आणून दाजींचा प्याला मोजला, तो भरला २२०!

ॲप जे गणित करते, ते स्वीडनच्या विडमार्क नावाच्या संशोधकाने १९३२ साली ग्रंथरूपाने मांडले. पोटात गेलेले मद्यार्क वजनाच्या हिशेबाने अंगभर पसरते आणि दर तासाला साधारण ठराविक मापाने उतरते. दाजींचे वजन सत्तर किलो, वाइन १३ टक्क्यांची. ॲपच्या दोन प्याल्यांत ३१ ग्रॅम मद्यार्क. म्हणजे रक्ताच्या दर १०० मिलिलिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम. तासाला १५ उतरले तर नऊपासून धरून सव्वाएकच्या सुमारास रक्त स्वच्छ. खऱ्या दोन प्याल्यांत मात्र ४५ ग्रॅम, म्हणजे ९५ मिलिग्रॅम. ते उतरायला सव्वातीन वाजतात. अंथरुणाला पाठ टेकताना ॲप ३५ दाखवी, तेव्हा रक्तात ६५ असणार.

सव्वातीन हा आकडा ऐकून आक्काने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पण तो पुरावा नव्हे. उतरण्याचा वेग कोणाचा तासाला १०, कोणाचा २०. म्हणजे तीच दारू एकाची पावणेदोनला संपेल, तर दुसऱ्याची पहाटे साडेसहाला. जेवण आधी झाले की नंतर, यानेही फरक पडतो. म्हणून या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी मोटार चालवायला बसू नये; कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

मग घड्याळ फेकून द्यावे काय? तसेही नाही. झोपलेल्या माणसाच्या स्थिर मनगटावरची नाडी ते चांगली मोजते. दारू तिथे आपले पाऊल उमटवून जाते. फिनलंडमधल्या चार हजारांहून अधिक नोकरदारांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. झोपेच्या पहिल्या तीन तासांत हृदयाला मिळणाऱ्या विश्रांतीची टक्केवारी थोड्या पिण्यानेही नऊ टक्केबिंदूंच्या आसपास कमी झाली होती, आणि पुष्कळ पिण्याने सुमारे ३९ टक्केबिंदूंनी.

हे वाचून मी दाजींना गुणांकडे न पाहता रात्रीच्या सरासरी नाडीकडे पाहायला सांगितले. वीस रात्री आठला जेवण, अकराला झोप. वाइन मापाने ओतायची, आणि काही रात्री अजिबात नाही. मूळचे हिशेबनीस असल्याने त्यांना हे काम आवडले. कोरड्या रात्री नाडी ५७ ते ६० राही. भरल्या दोन प्याल्यांच्या रात्री ६६ ते ६९, आणि एरवी मध्यरात्रीपूर्वीच गाठणारा तळ ती पहाटे गाठी. साडेसातला घेतलेल्या १५० मिलिलिटरच्या एका प्याल्याने ६१.

एका कोरड्या रात्री मात्र नाडी ७० वर गेली. दाजी चपापले. सकाळी कळले की अंगात ताप होता. उशिरा झालेले भरपेट जेवण, उकाडा, काळजी, सगळ्यांची पावले तशीच उमटतात. म्हणून एका रात्रीवरून काहीच ठरत नाही. दहा रात्री दहा रात्रींशेजारी ठेवल्या, आणि बाकीचा नेम तोच ठेवला, तरच दारूचे पाऊल वेगळे ओळखू येते.

दाजी आता साडेसातला एकच प्याला घेतात, तोही मापाने, आणि आठवड्यातून तीनदाच. तीनची जाग पुष्कळशी गेली आहे, असा दाखला आक्काने दिला आहे. घड्याळाचे गुण मात्र ८१चे ८३ झाले, इतकेच. रात्रभर खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गुरख्यासारखे ते यंत्र आहे. आत दिवा लागला, कोणी येरझारा घातल्या, हे तो शपथेवर सांगेल. आतला माणूस अंधारात जागा होता की झोपलेला, हे शेजारी पडलेल्या माणसालाच विचारावे.