हात वर करायला लागलेले वीस सेकंद

परवा हॉस्टेलच्या मेसमध्ये रूममेटने विचारले, "तुझं काय बाई, तू कॉन्व्हेंटची! आयईएलटीएस म्हणजे तुला डाव्या हातचा मळ असेल ना?" मी आमटीत पाव बुडवत नुसती हसले. कारण त्या परीक्षेत मला इंग्लिशने अजिबात छळले नाही. छळले ते एका वायरने, थोडेफार भाताच्या चिखलाने, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या चांगल्या वळणाने!

आमचे घर जव्हारजवळ. मास्टर्ससाठी अर्ज करायचा म्हणून जुलैमधली तारीख घेतली. सेंटर मिळाले ठाण्याला. सुट्टी होती म्हणून मी घरीच होते आणि आवणी ऐन भरात होती. फी अठरा हजारांच्या आसपास. बाबांनी ती भरली आणि एक शब्द बोलले नाहीत. काही बोलले असते तर बरे झाले असते, टेन्शन तरी कमी आले असते.

पहिला घोळ फॉर्म भरतानाच होणार होता. आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. मी सवयीने तसेच टाईप केले. बाबांनी मागून पाहिले आणि म्हणाले, "अगं, पासपोर्ट उघडून बघ आधी." पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, आणि माझे व बाबांचे नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र. भारतात या परीक्षेला ओळखपत्र म्हणून फक्त पासपोर्ट चालतो. आधार, कॉलेजचे आय-कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स यातले काहीच नाही. बुकिंगमध्ये ज्या पासपोर्टचा नंबर दिला तोच, मुदतीतला, ओरिजिनल हातात हवा. म्हणून फॉर्म भरताना मार्कशीट नाही, पासपोर्ट समोर ठेवायचा आणि अक्षर अन् अक्षर उतरवायचे.

दुसरा प्रश्न पोचण्याचा. परीक्षा सकाळची आणि रिपोर्टिंग त्याच्याही आधी. जव्हारहून वाडा-भिवंडीमार्गे ठाणे म्हणजे शंभरेक किलोमीटर, पण पावसात घाट आणि खड्डे धरून एस.टी. कधी पोचेल ते ड्रायव्हरकाकाही सांगणार नाहीत. उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत आणि फी परत मिळण्याची आशा धरायची नाही. मोखाड्याचा माझा मामेभाऊ याच परीक्षेला नाशिकमार्गे मुंबईला गेला होता. त्याने एकच सांगितले, "ताई, पहाटेच्या गाडीवर विसंबू नको. आदल्या दिवशीच जा." मी दुपारीच निघाले आणि कळव्याला मावशीकडे मुक्काम केला. निघताना आजी म्हणाली, "बाय, पाण्यात भिजू नको, कागद भिजवू नको." म्हणून पासपोर्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून नेला. हसू नका, आमच्याकडचा जुलै बघितला नाहीत तुम्ही.

सेंटरवर पोचले तर लाईन. तेव्हा कळले की लवकर कशाला बोलावतात. बॅग जमा करायची, मोबाईल सायलेंट नाही तर पूर्ण बंद करून बॅगेतच ठेवायचा, घड्याळही काढायचे. आत न्यायचा पासपोर्ट आणि लेबल काढलेली पारदर्शक पाण्याची बाटली, बस्स. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि कच्च्या कामासाठी कागद-पेन्सिल तेच देतात. मावशीने लेबल सोलून दिलेली बाटली बघून पुढच्या मुलाने दारातच आपल्या बाटलीचे लेबल नखाने खरवडायला घेतले!

मग फोटो आणि बोटाचा ठसा. इथे माझी आवणी आडवी आली. आठवडाभर चिखलात हात, बोटांची कातडी सोललेली, त्यामुळे स्कॅनरला रेषाच दिसेनात. एकदा नाही, दोनदा नाही. मागच्या लाईनीतून सुस्कारे ऐकू येऊ लागले. शेवटी तिथल्या मॅडमनी बोट कोरडे पुसून सपाट ठेवायला सांगितले आणि तिसऱ्यांदा ठसा उमटला. मी अगदी शेवटच्या क्षणी आले असते तर हीच पाच मिनिटे महागात पडली असती.

आणि आता वायर.

लिसनिंगचे चार भाग, प्रत्येकी दहा प्रश्न, साधारण अर्धा तास. रेकॉर्डिंग एकदाच वाजते. मागे जाता येत नाही. शेवटी उत्तरे तपासायला दोन मिनिटे मिळतात. सुरू होण्याआधी स्क्रीनवर आवाज तपासायचे पान येते. हेडफोन लावून Play sound दाबायचे आणि नमुना ऐकायचा. मी दाबले. आवाज स्वच्छ. जरा मान वळवली तर डाव्या कानात खरखर. मान सरळ केली, खरखर गेली. मी पुढे गेले. इथेच चुकले! मी शिकते कुठल्या ब्रँचला? इलेक्ट्रॉनिक्स! प्लगजवळ वायर आतून तुटत आली की नेमके असेच होते, हे मी लॅबमध्ये दहा वेळा पाहिले आहे.

दुसऱ्या भागात एक बाई नकाशावरची ठिकाणे सांगत होत्या. मी टाईप करायला मान खाली घातली आणि दोन्ही कान बंद. स्क्रीनवरचे घड्याळ चालूच. मला वाटले, येईल परत. व्हॉल्यूम वाढवला, काही नाही. शेजारी सगळे शांतपणे लिहीत होते. आमच्या शाळेत सिस्टरांनी शिकवले होते की दुसरे काम करत असताना मध्ये बोलायचे नाही. त्या शिकवणीत माझे वीस सेकंद गेले आणि त्यात दोन प्रश्न गेले. मग एकदाचा हात वर केला. सर आले, हेडफोन बदलला, आवाज आला.

उरलेली परीक्षा झाल्यावर मी गुपचूप निघणार होते. त्या सरांनीच थांबवले. "काय झालं ते आत्ताच लिहून द्या. घरी गेल्यावर नाही." आधी मला ते नुसते कागदी काम वाटले. नंतर विचार केला तेव्हा कारण कळले. निकालानंतर फेरतपासणी मागता येते, पण त्यात तपासतात ती मी लिहिलेली उत्तरे. मला जे ऐकूच आले नाही ते पेपरात कुठे दिसणार? आवाज गेला होता याचा पुरावा म्हणजे त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये नोंदवलेली तक्रार. लिसनिंगच हुकले तर तेवढीच एक परीक्षा साठ दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोय आहे, पण त्याची वेगळी फी आणि तो निकाल सगळ्याच विद्यापीठांना चालतो असे नाही. आधी विचारून घ्यावे लागते.

मला लिसनिंगला सात मिळाले. हवे होते साडेसहा. ते दोन प्रश्न मिळाले असते तर किती झाले असते, हा हिशेब मी अजूनही कधीकधी रात्री करते.

तर मित्रमैत्रिणींनो, ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांच्यासाठी एवढेच. आवाजाची तपासणी छान ताठ बसून करू नका. टाईप करताना बसता तसे बसा, मान खाली-वर करा, वायर थोडी हलवा. व्हॉल्यूमने फरक पडत असेल तर प्रश्न व्हॉल्यूमचा. वायर हलवल्यावर पडत असेल तर हेडफोनच बदलून मागा, सुरू होण्याआधी. आणि मध्येच आवाज गेला तर माझ्यासारखे शहाणे बाळ होऊन वाट पाहू नका.

बाबांना वायरचा किस्सा फोनवर सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शेतात पाय रुतला की लगेच हाक मारतेस ना? मग तिथे काय झालं होतं?"