घंटेतला लोलक

माझ्या टेबलावर एक लहानशी पितळी घंटा असते. तिच्याशेजारी एक इंच बाजूचे लाकडी ठोकळे, एक कप, दोरी बांधलेली लाल कडी, एक झाकणाची डबी आणि दोन-तीन जाड पानांची चित्रांची पुस्तकं. दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या पालकांना हे सगळं पाहून जरा बरं वाटतं, कारण सुई नाही, यंत्र नाही. पण तासाभराने याच खेळण्यांमधून एक आकडा निघतो. तो आकडा कागदावर लिहून हातात दिला की घरातली माणसं हादरतात. बाळांच्या विकासाची तपासणी हे माझं रोजचं काम आहे. बारा महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय आणि काय नाही, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तिच्या घरचे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा बरोबर बारा महिन्यांची होती. पूर्ण दिवसांची, वजन चांगलं, अडचण न येता झालेलं बाळंतपण. आई आणि आजी दोघी फलटणजवळच्या गावाहून पुण्याला तिला घेऊन आल्या होत्या. एसटीचा चार तासांचा प्रवास आणि वर दवाखान्यातली वाट पाहणं. तक्रार एकच होती, "हाक मारली की बघत नाही, आपल्याच नादात असते."

आपल्याकडे ही तपासणी करण्यासाठी डीएएसआयआय ही मोजपट्टी वापरतात. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या कसोटीच्या धर्तीवर डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांवर काम करून ती बेतली, आणि 1997 साली तिची सुधारित आवृत्ती आली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तिच्यात हालचालींच्या 67 आणि मानसिक विकासाच्या 163 बाबी आहेत. 'बाब' म्हणजे एक छोटीशी गोष्ट. दोन ठोकळे दोन हातांत असताना तिसरा दिला तर बाळ काय करतं? ठोकळा कपाखाली लपवला तर कप उचलून शोधतं का? लहान दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पकडतं का? दोरी ओढून कडी जवळ आणतं का? 'टाटा कर' असं नुसतं तोंडाने म्हटलं, हात हलवून दाखवला नाही, तर हात हलवतं का?

बाळ आईच्या मांडीवर बसतं आणि मी समोर न बसता थोडी बाजूला बसते, कारण परक्या माणसाने एकदम तोंडासमोर येणं या वयाला सोसत नाही. पहिली पाच-सात मिनिटं मी बाळाकडे बघतही नाही, आईशी बोलत असते आणि ठोकळा टेबलावर नुसता सरकवून ठेवते. बाळाचा हात आपणहून पुढे आला की काम सुरू होतं. जमलेल्या बाबींची संख्या तक्त्यात पाहून बाळाचं विकासाचं वय काढतात. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणलं की आकडा मिळतो. सत्तरच्या खाली गेला तर विकास मागे आहे असं म्हणायची पद्धत आहे.

त्या दिवशी तिचा हालचालींचा आकडा 92 आला. धरून उभी राहत होती, टेबलाच्या कडेने चालत होती. मानसिक विकासाचं वय मात्र 8.2 महिने निघालं. बाराने भागून 68. अशा वेळी कागदावर 'विकास मंद' असं लिहून मोकळं होता येतं, आणि तसं लिहिलेले कागद घेऊन हिंडणारे पालक मी पाहिले आहेत.

या आकड्याची बांधणी इथे समजून घेतली पाहिजे. 163 बाबी आणि तीस महिने, म्हणजे सरासरीने महिन्याला पाच-सहा बाबी. बाराव्या महिन्यात एका महिन्याचा फरक म्हणजे आठ गुणांचा फरक. बाळाची झोपेची वेळ असली, पोट रिकामं असलं किंवा ते खोलीला बुजलं, तर पाच-सहा बाबी सहज हातच्या जातात आणि आठ गुण उतरतात. शिवाय प्रत्येक बाबीसमोर लिहिलेलं वय हे साधारण निम्म्या बाळांना ती गोष्ट जमू लागते ते वय असतं. म्हणजे त्या वयाला उरलेल्या निम्म्या निरोगी बाळांना ती जमलेलीच नसते. म्हणून एखादी बाब हुकली तर मी घाबरत नाही. कोणत्या बाबी एकत्र हुकल्या, तिकडे माझं लक्ष असतं.

एकूण आकडा बाजूला ठेवून मी तिच्या कागदावरच्या हुकलेल्या खुणा पाहत बसले. काही बाबी तिने केल्या नव्हत्या कारण तोवर ती रडवेली झाली होती. उरलेल्यांत मात्र एक सूत्र दिसत होतं. 'नको' म्हटल्यावर थांबणं नाही. 'टाटा' नाही. नावाला प्रतिसाद नाही. 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ नाही, नुसते लांबलेले स्वर. याउलट, कपाखालचा ठोकळा तिने पहिल्या झटक्यात शोधला होता. आणि घंटा? घंटा हातात घेऊन तिने उलटी केली, आतला लोलक बोटाने ढकलला, पुन्हा उलटी केली, पुन्हा ढकलला. वस्तूच्या आत काय आहे हे शोधणारं ते बोट होतं. हरवलेली वस्तू मनात धरून ठेवणारं आणि घंटेच्या पोटात डोकावणारं बाळ बुद्धीने मागे आहे, हे मला पटेना.

मी म्हटलं, "आजी, हिचे कान तपासायला हवेत."

आजींना ते रुचलं नाही. "अहो मॅडम, ताट पडलं की दचकते पोर. दाराची कडी वाजली तरी बघते. ऐकू कसं येत नाही?"

त्यांचं निरीक्षण बरोबरच होतं. पण ऐकू येणं आणि न येणं यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या असतात. मध्यम प्रतीचा बहिरेपणा असलेल्या बाळाला ताट ऐकू येतं, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, घंटाही जवळून ऐकू येते. ऐकू येत नाही ते मागून हळू आवाजात म्हटलेलं 'बाळा'. 'स', 'फ', 'त' असे बारीक आवाज तर हरवतातच. म्हणून घरच्या चाचणीत, म्हणजे थाळी वाजवून बघण्यात, अशी बाळं हमखास पास होतात.

दहा दिवसांनी मी त्यांना पुन्हा बोलावलं, या वेळी सकाळी, आदल्या रात्री पुण्यातल्या नातेवाइकांकडे मुक्काम करून. बाळ झोपून उठलेलं, खाऊन आलेलं. वय 12.3 महिने, विकासाचं वय 9.6 महिने, आकडा 78. दहा दिवसांत दहा गुणांची वाढ, आणि त्यातली बहुतेक झोपेची आणि जेवणाची. राहिलेल्या हुकलेल्या बाबी जवळपास सगळ्या ऐकण्या-बोलण्याच्या होत्या. झोपेत बेरा ही श्रवणतपासणी झाली आणि दोन्ही कानांना मध्यम प्रतीचा बहिरेपणा निघाला. खरं तर सहा महिन्यांच्या आत यावर उपाय सुरू व्हायला हवा असं मानतात. तिच्या बाबतीत ते वर्षानंतर झालं, कारण जन्मानंतर कानांची तपासणी झालीच नव्हती. श्रवणयंत्रं बसली, बोलण्याची थेरपी सुरू झाली. तीस महिन्यांच्या तपासणीत तिचा मानसिक विकासाचा आकडा 94 होता आणि ती दोन शब्दांची वाक्यं बोलत होती.

असं प्रत्येक बाळाचं होत नाही, हे मला तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. त्याच वर्षी एक मुलगा आला होता. हालचाल 45, मानसिक 48. डोक्याचा घेर वयाच्या मानाने लहान आणि महिन्यागणिक मागे पडणारा. कान-डोळे तपासले, ते ठीक होते. वेळ बदलून दुसऱ्यांदा पाहिलं, आकडा हलला नाही, आणि हुकलेल्या बाबी एका बाजूच्या नव्हत्या, सगळीकडच्या होत्या. आकडा इतका खाली असतो, दोन्ही बाजूंनी असतो, दोन तपासण्यांत तसाच राहतो आणि शरीरावरही खुणा दिसतात, तेव्हा त्याचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. 'मुलगे उशिराच बोलतात, वडीलही उशिराच बोलले होते' असं म्हणून तिथे थांबणं हा त्या बाळावर अन्याय आहे. त्या मुलाची थेरपी त्याच आठवड्यात सुरू झाली. तो आजही मागे आहे, पण स्वतःच्या हाताने जेवतो.

या दोघांच्या मधल्या पट्ट्यात, साठ ते ऐंशीच्या आसपास, माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त बाळं असतात आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पहिल्या वर्षातल्या गुणांवरून पुढची बुद्धी फारशी सांगता येत नाही, हे खुद्द नॅन्सी बेली यांनाच मुलांना वर्षानुवर्षं पाहताना दिसलं होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड इथे अगदी कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला. वीस महिन्यांच्या वयाला त्यांतली 39 टक्के मुलं सत्तरच्या खाली होती. तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा सत्तरच्या खाली 16 टक्के राहिली. कारण साधं आहे. बाराव्या महिन्यात आपण हात, डोळे आणि कुतूहल मोजतो, तर आठव्या वर्षी भाषा, स्मरण आणि तर्क मोजतो. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात.

लवकर जन्मलेल्या बाळांबाबत तर नुसत्या भागाकाराचीच चूक होते. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ कॅलेंडरने बारा महिन्यांचं असलं तरी त्याचं धरायचं वय, म्हणजे सुधारित वय, साधारण दहा महिने असतं. विकासाचं वय साडेआठ महिने निघालं तर बाराने भागून 71 येतात आणि सुधारित वयाने भागून सुमारे 85. दोन वर्षांपर्यंत हे सुधारित वयच धरायचं असतं.

म्हणून मी अहवालात आकडा लिहिते, पण त्याच्या खाली अर्धं पान आणखी लिहिते. बाळाने काय केलं, काय केलं नाही, त्या दिवशी त्याची झोप आणि भूक कशी होती, कान-डोळे आणि रक्तातलं लोह तपासलं का, आणि पुढची तारीख. 'मतिमंद' हा शब्द मी लिहीत नाही. बौद्धिक अपंगत्वाचं निदान या वयात करायचंच नसतं. बाळ आज कुठे आहे एवढंच सांगता येतं, म्हणून मी 'विकासात विलंब' असं लिहिते आणि अठराव्या महिन्याला पुन्हा बोलावते.

तुमच्या हातात असा कागद आला तर तो फाडू नका आणि उराशी धरून रडतही बसू नका. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. बाळ लवकर जन्मलं असेल तर सुधारित वय धरलं का? नेमक्या कोणत्या गोष्टी हुकल्या? कान आणि डोळे तपासले का? पुन्हा कधी यायचं? उत्तरं मिळेपर्यंत तिथून उठू नका. आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा नक्की या, बाळाची झोप झालेली असताना.