बाटलीतली साखर, चमच्यांत मोजलेली

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई आणि भाची राहायला आल्या की आमच्या फ्रिजमध्ये आंब्याच्या पेयाची ६०० मिलीची बाटली हमखास दिसते. "आंबाच आहे ना, पिऊ दे की," असं ताईचं म्हणणं. भाची नववीत आहे, म्हणून मागचा पोषणतक्ता मी तिलाच मोठ्याने वाचायला सांगितला.

दर १०० मिलीमागे कर्बोदके १४ ग्रॅम, एकूण साखर १३.५ ग्रॅम, त्यात वरून घातलेली साखर ११ ग्रॅम. हिशेबाला घ्यायची ती 'एकूण साखर'ची ओळ. मग आम्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साखर मोजली. बोटाने सपाट केलेला छोटा चमचा सुमारे ४ ग्रॅम भरला. चहात आपण घालतो तो शिगोशीग चमचा याहून बराच जड असतो, म्हणून सपाट चमचाच माप धरायचा.

भाचीने लगेच १३.५ ला ४ ने भागलं आणि "साडेतीन चमचेही नाहीत!" असं जाहीर केलं. पण हे झाले फक्त १०० मिलीचे. अख्खी बाटली त्याच्या सहापट, म्हणजे ८१ ग्रॅम. भागाकार वीस चमच्यांवर गेला तेव्हा तिने वाटी आणली आणि खरोखरच वीस चमचे साखर मोजून घातली. ताई वाटीकडे बघत राहिली.

तक्त्यात शेवटी टक्केवारी होती: ४४. ती मला सर्वांत फसवी वाटते. २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरून ती काढतात, पण एका 'सर्व्हिंग'पुरती. या बाटलीवर सर्व्हिंग २०० मिलीचं होतं, म्हणजे २२ ग्रॅम. पूर्ण बाटली एकट्याने संपवली तर आकडा १३२ टक्क्यांवर जातो, आणि तो कुठेच छापलेला नसतो.

मग ताईने फ्रिजमधली सुगंधी दुधाची २०० मिलीची बाटली काढली. एकूण साखर दर १०० मिलीला १३ ग्रॅम, म्हणजे बाटलीत २६, चमच्यांत साडेसहा. पण वरून घातलेली त्यातली १७ ग्रॅमच, चार चमच्यांहून थोडी जास्त. उरलेले ९ ग्रॅम दुधाचं स्वतःचं लॅक्टोज. दुधाच्या पेयात म्हणून दोन्ही ओळी वाचाव्या लागतात.

फळांच्या रसाला मात्र ही सूट देता येत नाही. 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेल्या संत्र्याच्या रसात वरून घातलेली साखर शून्य असते, तरी २०० मिलीच्या पेल्यात साधारण २० ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात रसातली ही साखर मर्यादेतच मोजली आहे. अख्ख्या संत्र्यातली नाही.