दोन एमबीचं प्रकरण

परवा शनिवारी सकाळी जामखेडहून मामेबहिणीचा फोन. "दादा, पीडीएफ अपलोडच होत नाहीये, सोमवार शेवटचा." तिचं बी.एस्सी. तिथल्याच कॉलेजात झालं (आपलं नगर, आता कागदोपत्री अहिल्यानगर), आणि एम.एस्सी.च्या फॉर्मला सहा सेमिस्टरच्या गुणपत्रिका हव्या होत्या: एकच फाइल, २ एमबीच्या आत. मूळ प्रती ऑफिसात जमा. तिने अर्ज दिला होता, "गुणपत्रिकांची पीडीएफ मिळावी ही विनंती." बस्स. त्यांनीही इमानदारीत सहा वेगळ्या पीडीएफ पाठवल्या, प्रत्येकी तीन एमबीच्या.

म्हटलं, ह्यात काय, जोडू आणि दाबू. जोडून all.pdf केली आणि

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/screen -o out.pdf all.pdf
```

फाइल झाली पिटुकली, पण /screen चित्रं ७२ डीपीआयवर आणतं. सीट नंबरातला ३ की ८ कळेना. /ebook म्हणजे १५० डीपीआय. त्यात अक्षरं वाचता आली, पण स्कॅन रंगीत, त्यामुळे साइज पुन्हा २ एमबीच्या वर. शिवाय पहिल्याच पानाची कड कापलेली, म्हणजे पुन्हा स्कॅन हवाच होता. मग मुकाट्याने दुसरा अर्ज लिहून दिला:

"महोदय, माझ्या बी.एस्सी. सेमिस्टर १ ते ६ च्या गुणपत्रिका पुन्हा स्कॅन करून, याच क्रमाने, एकाच पीडीएफमध्ये मिळाव्यात. एकूण साइज १.८ एमबीपेक्षा कमी असावी. स्कॅनरवर १५० डीपीआय व ग्रेस्केल ठेवल्यास ती बसते. पानाच्या चारही कडा व शिक्का दिसावा. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे. पीआरएन व ईमेल खाली दिला आहे."

१.८ का? काही पोर्टल दोन एमबी म्हणजे वीस लाख बाइट धरतात, काही २०,९७,१५२. मध्ये अडकायला नको. सहा पानांना वाटले तर पानाला ३०० केबी येतात. ३०० डीपीआयऐवजी १५० घेतलं की पिक्सेल चौपट कमी, त्यामुळे ग्रेस्केल पान त्यात सहसा आरामात मावतं. "ब्लॅक अँड व्हाइट" मात्र मुद्दाम टाळलं. फाइल अजून लहान होते खरी, पण शिक्क्याचा काळा डाग होऊन खालचे मार्क गायब! आणि कॉलेज डिजिटल सही करणार असेल तर साइज आधीच कमी हवी; सहीनंतर फाइल दाबली की सही गेलीच.

दुपारी ती स्वतः अर्ज घेऊन खिडकीवर गेली. क्लार्क सरांनी वाचला, म्हणाले, "हे आधीच लिहायचं ना बाई." त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

चारला मेल आली, १.४ एमबी. तिला म्हटलं, २०० टक्के झूम करून प्रत्येक पानावरचा सीट नंबर मोठ्याने वाच. पाच बरोबर. सहावं पान उलटं आलं होतं. ते तेवढं मीच फिरवलं.